दर रविवारी दहा मिनिटं फोटो साफ करते, आठ महिने झाले – वापरानंतरचा अनुभव

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे माझ्या फोनमध्ये माझे फोटो कमी आणि शाळेचे जास्त. वृक्षारोपण केलं फोटो, पोषण आहाराची खिचडी शिजली फोटो, पालक सभा झाली फोटो, आणि ते नुसते काढून चालत नाही, तारीख वेळ दिसेल असे काढून ग्रुपवर टाकायचे. एकदा वरून फोन आला की अमुक कार्यक्रमाचा फोटो पुन्हा पाठवा, आणि मी भर वर्गात पंधरा मिनिटं अंगठ्याने वर वर सरकवत बसले होते, मुलं विचारतायत बाई काय शोधताय. तेव्हा फोनमध्ये एकवीस हजार फोटो होते.

त्याच्या आधी दोन वेळा मी दिवाळीच्या सुट्टीत सगळं साफ करायला बसलेले. दोन्ही वेळा २०१९ च्या फोटोंपासून सुरुवात केली आणि तासाभराने मी भाचीच्या बारशाचे फोटो बघत रडत होते, साफसफाई शून्य. म्हणून जानेवारीत ठरवलं की जुन्याला हातच लावायचा नाही. आजपर्यंतचे एकवीस हजार आहेत तसे राहू देत, आजपासून जे येतील तेवढेच दर रविवारी सकाळी चहा पिताना दहा मिनिटं साफ करायचे, मोबाईलवर टायमर लावून. बस एवढंच. खाली लिहिलंय ते आठ महिन्यांत चुकत चुकत बसलेलं आहे.

पहिली चूक म्हणजे मी नव्यापासून मागे जायचे. साहजिक आहे, गॅलरी उघडली की ताजे फोटो समोर असतात. पण टायमर वाजतो तेव्हा आपण बुधवारपर्यंत पोहोचलेलो असतो, सोम-मंगळचे राहतात. पुढच्या रविवारी परत नव्यापासून सुरू, परत थोडे राहतात, आणि महिनाभरात असे चार तुकडे मध्ये मध्ये न बघितलेले पडून राहतात जे कुठे आहेत तेच कळत नाही. आता मी उलट करते, मागच्या वेळी जिथे थांबले तिथून आजच्या दिवसाकडे यायचं. म्हणजे जे उरेल ते सलग एकाच ठिकाणी उरतं आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू करता येतं.

आता कुठे थांबलो ते कसं कळणार? आधी मी काम संपलं की चहाच्या कपाचा एक फोटो काढायचे, कप दिसला की त्याच्या आधीचं सगळं स्वच्छ. मस्त चालायचं, पण ज्या आठवड्यात काम अर्धवट राहायचं तेव्हा कप भलत्याच जागी, शेवटीच यायचा. आता मी शेवटच्या तपासलेल्या फोटोला फेव्हरेट करते आणि आधीच्याचं फेव्हरेट काढते. फेव्हरेटमध्ये कायम एकच फोटो, त्यामुळे शोधावं लागत नाही आणि त्याची तारीख बघितली की कुठवर आलोय ते समजतं. (तुम्ही फेव्हरेट खरंच आवडत्या फोटोंसाठी वापरत असाल तर हे जमणार नाही, मग त्या फोटोची तारीख कुठेतरी लिहून ठेवा.)

दुसरी गोष्ट, हिशोब. साध्या आठवड्यात माझ्याकडे दीडशेच्या आसपास नवीन फोटो येतात. दहा मिनिटं म्हणजे सहाशे सेकंद, म्हणजे एका फोटोला चारच सेकंद. चार सेकंदात "हा ठेवू का नको" असा विचार होतच नाही, म्हणून एकेक फोटो उघडून बघायचाच नाही, गठ्ठ्याने बघायचं. मी तीन गठ्ठे आधी उडवते आणि मग कॅमेऱ्याच्या फोटोंकडे वळते.

पहिला गठ्ठा स्क्रीनशॉट. त्यांचं वेगळं फोल्डर असतंच. यूपीआयने पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट मी आधी जपून ठेवायचे, पण तो व्यवहार ॲपच्या हिस्टरीत आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये असतोच की, मग समोरच्याला पाठवून झाला की त्याचं काम संपलं. दुसरा गठ्ठा व्हिडिओ, आणि जागा खरी इथेच जाते. साध्या फुल एचडी सेटिंगला एका मिनिटाचा व्हिडिओ शंभर एमबीच्या पुढे जाऊ शकतो आणि व्हॉट्सॲपवर आलेला शुभ सकाळचा गुलाब असतो शे-दोनशे केबीचा. म्हणजे पाचशे गुलाब पुसले तरी एक मिनिटाच्या व्हिडिओएवढीच जागा मिळणार. मी सुरुवातीला महिनाभर गुलाब पुसत बसले आणि स्टोरेज हललंच नाही म्हणून वैतागलेले. गुलाब पुसायचे ते जागेसाठी नाही, नजरेसमोरचा कचरा जावा म्हणून.

तिसरा गठ्ठा तोच, व्हॉट्सॲप. इथे अर्धं काम सेटिंगनेच झालं. ज्या ग्रुपचे फोटो मला गॅलरीत नकोत त्या ग्रुपच्या माहितीत जाऊन Media visibility बंद केलं (हे अँड्रॉइडवर आहे). पण लक्षात घ्या, त्याने नंतर येणारे फोटो फक्त गॅलरीत दिसायचे थांबतात, फोनमध्ये ते उतरतच राहतात. उतरायलाच नको असतील तर व्हॉट्सॲपच्या स्टोरेज आणि डेटामधलं ऑटो डाउनलोड बंद करावं लागतं. आणखी एक, व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्याची मूळ तारीख सहसा जाते. सासूबाईंनी जूनमध्ये ग्रुपवर टाकलेला लग्नातला जुना फोटो माझ्याकडे IMG-20250615-WA0007.jpg अशा नावाने १५ जूनलाच येऊन बसतो, १९९८ मध्ये जात नाही. हे माहीत नसलं की "आठवड्याचा कचरा" म्हणून असे फोटो उडतात. माझा एक उडाला होता, तो ट्रॅशमधून काढला, त्याची गोष्ट पुढे.

आता १५ ऑगस्टचा आठवडा सांगते, कारण साध्या आठवड्यात कुठलीही पद्धत चालते. त्या रविवारी ३८६ नग होते. २३ स्क्रीनशॉट, ११ व्हिडिओ, १४० व्हॉट्सॲपचे आणि २१२ मी काढलेले. स्क्रीनशॉटला मिनिट लागलं, दोन ठेवले. व्हिडिओला दोन मिनिटं, त्यात एक सहा मिनिटांचं पाहुण्यांचं भाषण होतं, एकटंच पाऊण जीबीचं, ज्यांना पाहिजे होतं त्यांना आधीच पाठवलेलं, उडवलं. मुलींच्या लेझीमचे तीन ठेवले. व्हॉट्सॲपच्या १४० मधून सहा ठेवले, त्यात दोन मिनिटं गेली. म्हणजे २१२ फोटोंसाठी पाच मिनिटं उरली, आणि ते एकेक करून होणं शक्यच नव्हतं.

मग मी ते प्रसंगाने बघितले: झेंडावंदन, प्रभातफेरी, भाषणं, बक्षीस वाटप. एका प्रसंगाचे पन्नासेक फोटो छोट्या चौकोनांत समोर घ्यायचे, आधी *ठेवायचे* कुठले ते ठरवायचं, दोन किंवा तीन, त्यांचे चेहरे झूम करून डोळे मिटलेत का तेवढं बघायचं, आणि बाकी सगळे एकदम सिलेक्ट करायचे. पहिल्या फोटोवर बोट दाबून धरलं आणि तसंच खाली ओढत नेलं की सगळे सिलेक्ट होतात, मग ठेवायच्या दोन-तीनांवरची टिक काढायची. पुसायचे कुठले ते शोधायला गेलं की प्रत्येक फोटोची दया येते, ठेवायचे शोधले की येत नाही, का ते मला विचारू नका. झेंडावंदन आणि फेरी झाली, टायमर वाजला, फेरीच्या शेवटच्या फोटोला फेव्हरेट केलं आणि उठले. पुढच्या रविवारी भाषणांपासून सुरू, तो आठवडा हलका होता म्हणून बरोबरी झाली. ३८६ चे शेवटी ४१ राहिले.

शाळेचे पुराव्याचे फोटो मात्र वेगळे. ते चांगले नसतात, पण लागतात. त्यांच्यासाठी महिन्याच्या नावाचं फोल्डर केलंय, त्यात हलवते आणि अहवाल मंजूर झाला असं कळल्यावरच पूर्ण फोल्डर उडवते. तसंच परिपत्रकाचा, फळ्यावरच्या नोंदीचा, रेशन दुकानाच्या पाटीचा फोटो, त्याचं काम झालंय का एवढंच विचारायचं. आठवड्याच्या आत बघितलं तर फळ्याचा फोटो कशासाठी काढला ते आठवतं, तीन आठवड्यांनी अजिबात आठवत नाही आणि मग भीतीने तसाच ठेवला जातो.

आता ट्रॅशची गोष्ट. मी गूगल फोटोज वापरते, तिथे बॅकअप चालू आहे. सुरुवातीला माझी समजूत अशी की फोनमधून पुसलं तरी वर क्लाउडवर राहतंच. नाही राहत! ॲपमध्ये साधं डिलीट केलं की फोनमधून आणि क्लाउडमधून दोन्हीकडून जातं. फक्त फोनची जागा मोकळी करायची असेल तर Free up space हा वेगळा पर्याय आहे. नशीब म्हणजे बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात (बॅकअप नसलेले ३०), म्हणून सासूबाईंचा तो लग्नातला फोटो तिसऱ्या आठवड्यात परत मिळाला, आणि त्यांना कळायच्या आत. तेव्हापासून मी ट्रॅश हाताने रिकामा करत नाही, आपोआप जाऊ देते. ह्याचा अर्थ असाही होतो की रविवारी पुसलेल्याची जागा रविवारीच मिळत नाही. फोन अगदी भरलेला असेल तर ट्रॅश उघडून फक्त मोठे व्हिडिओ तेवढे कायमचे काढा.

तोटे सांगायचे तर पहिला हा की जुने एकवीस हजार अजून एकवीस हजारच आहेत, ह्या सवयीने ते एकाने कमी झालेले नाहीत. ज्यांचा फोन आजच "स्टोरेज फुल" ओरडतोय त्यांना ह्याने लगेच आराम पडणार नाही, त्यांनी आधी मोठे व्हिडिओ बघावेत. दुसरं, मे महिन्यात आम्ही गावी होतो तेव्हा तीन रविवार बुडले. मी हुशारी करून चौथ्या रविवारी चाळीस मिनिटं बसले, आणि त्याचा इतका कंटाळा आला की पुढचा रविवारही बुडवला. नंतर तेच उरलेलं रविवार दहा, बुधवारी रात्री दहा असं करून पंधरा दिवसांत संपलं. आता माझा नियम असा की फेव्हरेट केलेल्या फोटोची तारीख दोन आठवड्यांपेक्षा जुनी दिसली की त्या आठवड्यात बुधवारही लावायचा, पण दहाच मिनिटांचा.

आमच्या ह्यांनी बघून त्यांच्या फोनवर सुरू केलं, तिसऱ्या रविवारी सोडून दिलं. त्यांच्याकडे आठवड्याला वीसच फोटो येतात, त्यांना महिन्यातून एकदा पुरतंय.