गच्चीवरचे तारे: गोष्टीतल्या मुलीला नळी द्यावी की मृग?

नागपूरच्या महाल भागातल्या गच्चीवर मुक्ता तारे मोजायला बसते. वीस-बावीसपर्यंत जाते, मग आधी मोजलेलाच तारा पुन्हा मोजला की काय अशी शंका येते, आणि पहिल्यापासून सुरुवात. आजी विचारते, "काऊन गं, थांबली काऊन?" इथून पुढे सगळं आभाळ सोडून ती एकच तुकडा मोजायला शिकते, एवढं गोष्टीचं कथानक. लिहिणाऱ्याने ठरवायचं ते हे, की त्या तुकड्याची हद्द कशाने आखायची: पुठ्ठ्याच्या नळीने की मृग नक्षत्राच्या ताऱ्यांनीच? कपडे वाळवायच्या दोरीची चौकट सुचेल, पण डोकं जरा हललं की चौकटीतलं आभाळ बदलतं. ती सोडा.

नळी करायला सोपी. जाड कागद गुंडाळून १२ सेंटीमीटर लांब आणि आतून ४ सेंटीमीटर रुंद नळी करायची. लांबी रुंदीच्या तिप्पट असली की एका वेळी डोक्यावरच्या आभाळाचा साधारण ७२ वा भाग दिसतो. म्हणजे गुणाकार आयता मिळतो. पण इथेच गोष्ट फसू शकते. शहरातल्या आभाळात नळीतून बहुतेक वेळा शून्य, एक किंवा दोन तारे दिसतात. मुक्ताने एकच तुकडा मोजला आणि तिला दोन तारे दिसले, तर उत्तर १४४. तीन दिसले तर एकदम २१६. म्हणून निदान दहा जागी नळी रोखावी लागते. समजा ०, १, २, ०, १, ३, १, ०, २, १ असे तारे दिसले. बेरीज ११, सरासरी १.१, उत्तर सुमारे ८०. आता एखादा तारा चुकला तरी उत्तर सातानेच हलतं.

दहा जागा निवडताना मूल हमखास तेजस्वी ताऱ्याकडेच नळी वळवतं, आणि उत्तर फुगतं. त्यावर उपाय म्हणजे डोळे मिटून नळी रोखायची आणि मग उघडायचे. दुसरी गोम कमी लोकांच्या ध्यानात येते: अर्धं आभाळ क्षितिजापासून ३० अंशांच्या आतच असतं. हात लांब करून एकावर एक तीन मुठी ठेवल्या की तेवढी उंची होते. तेव्हा दहापैकी पाच वेळा नळी तिथेच, म्हणजे महालात बहुतेक शेजारच्या भिंतीवर किंवा पाण्याच्या टाकीवर रोखली जायला हवी. तिथलं शून्यही धरायचं, कारण प्रश्न गच्चीवरून दिसणाऱ्या ताऱ्यांचा आहे.

मृगाचं उलट आहे. जानेवारीअखेर रात्री नऊच्या सुमारास तो नागपुरात दक्षिणेला बराच उंच असतो, भिंती आड येत नाहीत. चार खुरांच्या ताऱ्यांची चौकट आभाळातच आखलेली असते आणि मृग सरकला तरी चौकट त्याच्याबरोबर सरकते. मोजणी थांबवून खाली जेवून आलं तरी तुकडा तोच. चार खूर, पोटातल्या बाणाचे तीन, झाले सात. बाणाखाली धूसर ठिपका दिसला तर आठ. कोपऱ्यातले तारे धरायचे की नाही, हे मात्र आजीने आधीच सांगून टाकावं, नाहीतर कोणी तीन म्हणेल, कोणी सात.

मात्र या तुकड्याचा गुणाकार करू नका. चौकट आभाळाचा साधारण १६० वा भाग आहे. सातला १६० ने गुणलं की ११२० येतात, आणि त्याच गच्चीवर नळी सांगत होती ८०. चौकट तेजस्वी ताऱ्यांनीच बनलेली, म्हणून तुकडा मुळातच दाट निवडला गेला. नोव्हेंबरात भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन घेतला तर नेमकं उलटं होतं. शहरातून त्याच्या आत बहुधा काहीच दिसत नाही, म्हणजे अख्ख्या आभाळात तारे शून्य!

तेव्हा निवड गोष्टीच्या शेवटावर आहे. "आभाळात एकूण किती?" याचं उत्तर द्यायचं असेल तर नळी घ्या, पण वाचक गुणाकार-सरासरी येणारा, म्हणजे चौथी-पाचवीचा हवा, आणि गोष्टीत दहा तुकड्यांना जागा हवी. गोष्ट एकाच तुकड्याची राहू द्यायची असेल, तर आम्ही मृगच घेऊ. त्याचा खरा उपयोग गुणाकारात नाही, तोच तुकडा दुसरीकडे मोजण्यात आहे. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेल्या जागेचा दर्जा मिळाला; मुक्ताला तिकडे नेलं तर त्याच चार खुरांच्या आत सातावर किती वाढतात, हे ती स्वतः मोजू शकते. दोन्हीकडे आधी वीस मिनिटं अंधारात बसायचं आणि मोबाइल बंद ठेवायचा, नाहीतर तुलना आभाळाची न होता डोळ्यांची होते.

एक अडचण उरते. गच्चीवर झोपायची गोष्ट म्हटली की नागपूरकराला मे महिना आठवतो, आणि मेच्या मध्यावर मृग सूर्यापाठोपाठच मावळतो. उन्हाळाच हवा असेल तर नळी घ्या, किंवा उत्तरेकडची सप्तर्षींची चौकट: क्रतू, पुलह, पुलस्त्य आणि अत्री. त्यातला अत्री सर्वांत मंद. तो दिसेना झाला, तर मुक्ताची मोजणी चारऐवजी तीनवरच थांबेल.