३० बाय ३० ची बारीक जाळी: जून ते ऑक्टोबर वापरल्यानंतर

पावसाची सर ओसरली की ट्यूबलाइटभोवती जी पिठासारखी घुंगुरटं जमतात, ती नेहमीच्या डासांच्या जाळीला जुमानत नाहीत. त्या जाळीला एका इंचात एका दिशेला साधारण १८ आणि दुसऱ्या दिशेला १६ भोकं असतात, म्हणजे एकेक भोक मिलिमीटरहून थोडं मोठं. डास तिथे अडतो. चावरी चिलटं जेमतेम १ ते ३ मिलिमीटर लांब आणि अंगाने त्याहून बारीक, त्यामुळे सरळ आत येतात. ३० बाय ३० च्या जाळीचं भोक ०.६ मिलिमीटरच्या आसपास येतं. दुकानात 'बारीक' या शब्दावर जाऊ नका, फूटपट्टी लावून फोनने जवळून फोटो काढा आणि इंचातली भोकं मोजा.

खिडकी कोकणातली, भातखाचराकडे तोंड असलेली, चार बाय चार फुटांची थ्री-ट्रॅक स्लायडिंग. जुन्याच फ्रेममध्ये नवी जाळी भरली. ही जाळी पातळ असल्याने जुनं रबरी बीडिंग खाचेत सैल बसतं आणि जाळी कोपऱ्यातून निसटते. बीडिंग एक नंबर जाड घ्यावं लागतं. जाळी चारही बाजूंनी दोन इंच जास्त कापावी आणि बीडिंग दाबून झाल्यावरच छाटावी. ताणण्याची हौस मात्र नको, नाहीतर ॲल्युमिनियमची पट्टी मध्यभागी आत वाकते आणि तिथेच फट पडते.

जाळी बसवूनही पहिल्याच पावसात घुंगुरटं आत आली. दोष जाळीचा नव्हता. स्लायडिंग खिडकीत काच अर्धवट सरकवली, तर काचेची उभी पट्टी आणि जाळीची उभी पट्टी एकमेकींसमोर येत नाहीत. मग दोन ट्रॅकच्या मधल्या पोकळीतून मोकळा रस्ता मिळतो. काच पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवा. पट्ट्यांमधला झिजलेला ब्रश बदला. खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं बुजवू नका, पाणी घरात येईल. त्यांवर बाहेरून याच जाळीचा तुकडा चिकटवा.

तोटा एकच, पण मोठा: वारा जाणवण्याइतका कमी होतो. त्यात ही भोकं धुळीने लवकर बुजतात. दर पंधरवड्याला मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी नाही मारलं, तर ऑक्टोबरच्या उकाड्यात खोली कोंदते. त्यामुळे हॉलमध्ये जुनीच जाळी ठेवून टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून लावणं बरं पडतं. हे किडे उडायला इतके दुबळे, की त्या झोतासमोर टिकत नाहीत.

वेल्क्रोवाली जाळी स्वस्त, पण दमट फ्रेमवर तिची पट्टी सुटते. लावायचीच तर मे महिन्यात, फ्रेम स्पिरिटने पुसून, कोरडी करून लावा.

संध्याकाळी सात ते आठ खिडकीजवळचा पांढरा दिवा बंद ठेवून आतल्या बाजूचा पिवळा लावला, तर जाळीवरची गर्दीही कमी होते.