अंथरुणावरच्या सासूबाईंचे दात: साधी फ्लोराइड पेस्ट, सक्शन ब्रश आणि काळं औषध वापरून आलेला अनुभव

आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. डाव्या अंगावरून वारं गेलेलं, त्यात विसरभोळेपणा वाढत वाढत आता माणसं ओळखणंही अवघड झालंय. तोंडात स्वतःचे दहा-बारा दात आहेत, कवळी नाही. सोलापुरात घरी राहून आम्हीच त्यांचं सगळं करतो. दातांसाठी काय काय वापरलं आणि कशाचा उपयोग झाला, ते आता बरेच महिने झाल्यावर लिहिते.

आधी दुखणं काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आईंनी आयुष्यभर मिश्री लावली. त्यांच्या हिरड्या उतरलेल्या आहेत आणि दातांची मुळं उघडी पडली आहेत. दाताच्या वरच्या भागावर कडक कवच असतं, मुळावर ते नसतं. म्हणून कवचाला त्रास होणार नाही एवढ्या थोड्या आंबटपणातही मूळ विरघळायला लागतं. त्यात लघवीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं. तोंडातला आंबटपणा लाळ धुऊन काढते, ती लाळच कमी. आणि डावा गाल लुळा असल्यामुळे दुधात कुस्करलेली भाकरी तिथेच अडकून राहायची, त्यांना कळायचंही नाही. डाव्या खालच्या चार दातांना हिरडीच्या कडेला पिवळट-तपकिरी, मऊ पट्टा आला होता. डॉक्टरांनी सुईसारख्या हत्याराने हलकेच दाबलं तर टोक रुतलं. ती मुळाची चालू कीड. थांबलेली कीड काळपट, कडक आणि चकचकीत असते. हे घरी टोकदार वस्तूने तपासू नका, मूळ आणखी उकरलं जातं. रंग आणि चमक बॅटरीच्या उजेडात नुसतं बघूनही कळते.

सक्शन ब्रश. ब्रशला नळी जोडलेली असते आणि ती तोंडातलं पाणी ओढून घेते. कल्पना उत्तम आहे. गिळायला अजिबात येत नाही, नळीने खाणं चाललंय, किंवा माणूस शुद्धीवर नाही, अशा ठिकाणी मी हाच घ्या म्हणेन. आमच्याकडे मात्र मशीनचा आवाज सुरू झाला की आई घाबरून तोंड घट्ट मिटायच्या. आम्ही तो ठेवून दिला. तोंड उघडायला माणूस राजीच नसेल तर चांगल्या ब्रशचाही काही उपयोग होत नाही.

लहान मुलांचा मऊ ब्रश आणि साधी पेस्ट. रोजचं काम यानेच होतं. पेस्ट घेताना पाकिटावर फ्लोराइड किती आहे ते वाचा. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये 1000 पीपीएमपर्यंतच परवानगी आहे, तेवढी असलेली घ्यावी. बऱ्याच आयुर्वेदिक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, आमच्या घरचीही तशीच होती. बाहेरच्या देशांत मुळाच्या किडीला डॉक्टर 5000 पीपीएमची पेस्ट लिहून देतात. आपली पेस्ट तेवढी जोरकस नाही, म्हणून ती तोंडात टिकून राहणं फार महत्त्वाचं. चूळ भरायला लावायची नाही. फेस कमी येणारी पेस्ट घेतली तर ठसकाही कमी लागतो.

आमची रीत अशी. पलंगाचं डोकं निम्म्यापेक्षा जास्त उचलायचं, मान उजव्या म्हणजे चांगल्या बाजूला कलती आणि हनुवटी किंचित खाली. गळ्याखाली आपला सोलापुरी टॉवेल, तो कितीही ओला झाला तरी शोषून घेतो. आधी बोटाला ओला गॉज गुंडाळून डाव्या गालाच्या आतून अडकलेलं अन्न काढायचं. बोट गाल आणि दात यांच्या मधेच ठेवायचं, वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे कधीच नाही. त्या मुद्दाम चावत नाहीत, पण जबडा एकदा मिटला की सोडवता येत नाही. मग ब्रश नुसता ओलसर करून, पाणी झटकून, तुरीच्या डाळीएवढी पेस्ट. ब्रशचे केस हिरडीकडे तिरके धरून हळूहळू गोल फिरवायचे, जोर लावायचा नाही. शेवटी जास्तीचा फेस गॉजने टिपून घ्यायचा. सकाळी एकदा आणि रात्री सगळं खाणंपिणं आटोपल्यावर एकदा. रात्रीचा ब्रश झाला की औषधाशिवाय तोंडात काही नाही. आणि औषध गोड सिरपचं असेल तर ते आधीच देऊन टाकायचं.

तोंड उघडण्याचं कसं जमलं, तेही सांगायला हवं. मी समोरून येऊन "आई, दात घासायचेत" म्हटलं की त्या मान फिरवायच्या. एकदा चहानंतर बघितलं, त्यांचं उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप हिरडीकडे जातंय. मिश्रीची वेळ हाताला लक्षात होती. तेव्हापासून त्याच वेळी मी खाली बसून, त्यांच्या डोळ्यांसमोर, ब्रश त्यांच्याच हातात देते. माझा हात वरून. उजवी बाजू त्या स्वतः घासतात, एकदा हात चालू झाला की डावीकडचं मी करते. ज्या दिवशी चिडलेल्या असतात त्या दिवशी ओढाताण करत नाही. अर्ध्या तासाने दुसरं कुणीतरी जातं, बहुतेक वेळा हे गेले की चालतं.

लिंबू-ग्लिसरिनचे बोळे कुणी सुचवले तर वापरू नका. लिंबाचा आंबटपणा उघड्या मुळालाच लागतो आणि कोरडेपणा जात नाही. आम्ही चहाबरोबर दिवसभर थोडी थोडी दिली जाणारी बिस्किटंही दोनच वेळांवर आणली. लघवीची गोळी बदलून घेता आली, तीही फिजिशियनना विचारूनच.

काळं औषध. नाव सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, 38 टक्के. ज्याला खुर्चीत बसवता येत नाही आणि ज्याच्या तोंडात मशीन घालता येत नाही, त्याच्यासाठी याच्यासारखं दुसरं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. डॉक्टर घरी आले, ओठांना व्हॅसलीन लावलं, दात कापसाने कोरडे केले आणि बारीक ब्रशने मिनिटभर औषध लावलं. सुई नाही, ड्रिल नाही. त्यातली चांदी जंतू मारते आणि फ्लोराइड मूळ कडक करतं. किडलेली जागा मात्र कायमची काळी होते. नणंदबाईंना ते आवडलं नव्हतं, पण खालचे दात आहेत, बोलताना फारसे दिसत नाहीत. थेंब कातडीला लागला तर काळा डाग आठवडाभर तरी राहतो आणि कपड्यावरचा जातच नाही, तेव्हा जुनी चादर घाला. चांदीची ॲलर्जी असेल किंवा तोंडात जखमा असतील तर हे लावत नाहीत.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं, पुन्हा लावलं. चारपैकी तीन दात आता काळे, कडक, चकचकीत आहेत. हत्यार रुतत नाही. खड्डा यानं भरत नाही, अन्न त्यात अडकतंच, म्हणून घासणं तेवढंच ठेवावं लागतं.

चौथ्या दाताला उपयोग झाला नाही. कीड आधीच आतल्या नसेपर्यंत गेली होती. आई दुखतंय म्हणून सांगू शकत नाहीत. पण चमचा डावीकडून आला की ढकलायच्या, कोमट चहालाही तोंड वाकडं करायच्या आणि रात्री हात सारखा गालाकडे जायचा. वेड वाढलंय म्हणून डुलकीची गोळी वाढवायची बोलणी सुरू होती, तेवढ्यात हिरडीवर छोटी पुळी दिसली. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल फिजिशियनशी बोलून तो दात काढला. पुढच्याच आठवड्यात त्या रात्री झोपायला लागल्या आणि चमचा डावीकडूनही घ्यायला लागल्या. गोळी वाढवावी लागली नाही.