आयआयआर फिल्टर: डायरेक्ट की कॅस्केड?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मोटारीचे मंद कंपन मोजण्यासाठी अरुंद लो-पास फिल्टर लागतो, तेव्हा त्याचे पोल z = 1 जवळ दाटीने बसतात. सोयीसाठी चारही पोल 0.95 वर आहेत असे धरू.

डायरेक्ट रचनेत छेद (z − 0.95)^4 हा एकच बहुपद असतो. त्याच्या शेवटच्या गुणकात क्वांटायझेशनमुळे केवळ 2^-14 इतकी चूक झाली, तरी पोल तिच्या चौथ्या मुळाइतका, म्हणजे सुमारे 0.088 ने, सरकतो. चुकीचे चिन्ह कोणतेही असो, एखादा पोल एकक वर्तुळाबाहेर जातोच आणि इनपुट थांबले तरी आउटपुट वाढतच राहते.

कॅस्केडमध्ये दोन-दोन पोलांचे स्वतंत्र विभाग असल्याने तीच चूक वर्गमुळाइतकी, सुमारे 0.008 ने, पोल हलवते. फिल्टर स्थिर राहतो. सोळा बिटांच्या प्रोसेसरवर मी तरी डायरेक्ट रचना निवडणार नाही.

पॅरलल रचनेत वेगवेगळे पोल असेच सुरक्षित राहतात; मात्र तिथे झिरो विभागांच्या बेरजेतून घडतात. त्यामुळे 50 हर्ट्झची विद्युतगुणगुण पूर्ण दाबायची असेल, तर झिरो एकक वर्तुळावरच ठेवणारी कॅस्केडच बरी, कारण विभागाच्या अंशातील पहिला व शेवटचा गुणक 1 च राहतात.