लेन्स अडकलेला कॅमेरा काउंटरवर पिळू देऊ नका

दिवेआगरच्या किनाऱ्यावर भाचीने बाबांचा छोटा डिजिटल कॅमेरा टॉवेलवर ठेवला होता. घरी येऊन चालू केला तर लेन्सची नळी अर्धी बाहेर आली, किरकिर वाजली आणि तिथेच थांबली. स्क्रीनवर Lens error, restart camera असं उमटलं आणि कॅमेरा आपोआप बंद झाला. नळी मात्र बाहेरच राहिली.

मी तो स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने कॅमेरा हातात घेतला, दोन बोटांनी नळी धरली आणि सरळ पिळली. 'कट्ट' असा आवाज झाला. मी दचकून म्हटलं, "दादा, जरा हळू." तो म्हणाला, "ताई, असंच सुटतं हे." पुन्हा चालू केला तेव्हा किरकिर बंद झाली होती. आतून नुसती मोटर फिरल्याचा घुंईं आवाज येत होता आणि नळी जागची हलत नव्हती. "लेन्स युनिट गेलं. नवीन टाकावं लागेल, २,८०० रुपये. हजार आगाऊ द्या."

मी पैसे दिले, इथेच चुकले. आवाज बदलला याचा अर्थ तेव्हा मला कळलाच नाही.

अशा कॅमेऱ्यात एकात एक बसणाऱ्या दोन-तीन नळ्या असतात. त्यांच्या भिंतींवर तिरक्या खाचा असतात आणि त्या खाचांतून बारीक पिना सरकतात. एक छोटी मोटर प्लास्टिकच्या दातेरी चाकांमधून नळ्या फिरवते आणि नळी कुठवर आली हे एक सेन्सर बघत असतो. ठरलेल्या वेळात ती जागेवर पोचली नाही की कॅमेरा एरर दाखवून थांबतो. तेव्हा किरकिर येत असेल तर बहुधा दोन नळ्यांच्या फटीत वाळूचा कण अडकलेला असतो. मोटर मोकळी फिरतेय आणि नळी ढिम्म आहे, तर बहुधा चाकाचा दात गेलेला असतो. नळी एका बाजूला कललेली दिसली तर पिन खाचेतून निसटली असण्याची शक्यता जास्त, आणि ते बहुतेकदा पडल्यामुळे किंवा बॅगेत दाबून चालू झाल्यामुळे होतं. काहीच आवाज नसेल तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून बघायची. अशक्त बॅटरीवरही नळी अर्ध्यात थांबते.

म्हणजे मी नेला तेव्हा कॅमेऱ्यात वाळू होती. दात तुटला तो काउंटरवर, माझ्या डोळ्यांदेखत. मोटरच्या बाजूने फिरवायला बनवलेली ती बारीक चाकं बाहेरून हाताने पिळली की सगळा ताण दातांवर येतो.

आठ दिवसांनी कॅमेरा मिळाला. नळी आतबाहेर होत होती, म्हणून उरलेले पैसेही देऊन टाकले. जुना भाग मागितला तर "फेकला" म्हणाला. उन्हात काढलेले फोटो मात्र पांढरेफटक येऊ लागले आणि तीन आठवड्यांत पुन्हा तीच एरर आली.

मग मैत्रिणीने दुसऱ्या एका वयस्कर कारागिरांकडे पाठवलं. त्यांनी माझ्यासमोर कॅमेरा उघडला. नळीच्या बाहेरच्या कड्यावर बाबांच्या हातून पडलेला जुना ओरखडा जसाच्या तसा होता. युनिट बदललेलंच नव्हतं! एका चाकाचा दात गोंदाने चिकटवलेला होता आणि नळीवर तेल सोडलेलं होतं. ते तेल शटरच्या पातळ पात्यांवर पसरलं होतं. पाती चिकटून वेळेवर मिटत नव्हती, म्हणून फोटो पांढरे. खाचेतला वाळूचा कण तर अजून तिथेच होता. त्यांनी तो चिमट्याने उचलून माझ्या तळहातावर ठेवला, मोहरीपेक्षाही लहान.

ते म्हणाले, "पहिल्या दिवशी आणला असता तर साफसफाईत काम झालं असतं." घरी काय करायला हवं होतं, तेही त्यांनी सांगितलं. बॅटरी काढून ठेवायची, कार्ड काढून फोटो उतरवून घ्यायचे, लेन्स जमिनीकडे करून रबरी फुग्याच्या ब्लोअरने फटीवर हलके झोत मारायचे आणि मऊ ब्रशने कडेकडेने झटकायचं. मग भरलेली बॅटरी घालून एकदाच चालू करून बघायचं. किरकिर आली तर लगेच थांबायचं, कारण प्रत्येक वेळी मोटर त्याच कणावर जोर लावते. डब्यातल्या दाबाच्या हवेचा झोत वाळू आणखी आत ढकलतो. तेल किंवा गंज काढायचा स्प्रे तर मुळीच नाही. घरी स्क्रू खोलायचे नाहीत, कारण फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्ट राहू शकतात.

हा कॅमेरा आता बनत नाही. त्यामुळे दुसऱ्या बंद कॅमेऱ्यातलं युनिट मिळेपर्यंत दीड महिना गेला. या वेळी जुनं युनिट मी डबीत घालून घरी आणलं. ती डबी घेऊन पहिल्या दुकानात गेले, तर त्याने पावती मागितली. त्याने दिलेल्या पावतीवर फक्त 'कॅमेरा रिपेअर' लिहिलं होतं, युनिट बदलल्याचा उल्लेखच नव्हता.