स्पाइक्सचा सराव: पूर्ण स्टेशन की फक्त मधला तुकडा?

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत रुग्णाला वाईट बातमी सांगण्याचं एक स्टेशन, म्हणजे ठरावीक वेळेचा एक टप्पा, असतं. त्यासाठी स्पाइक्स या वाईट बातमी सांगायच्या पद्धतीच्या सहा पायऱ्यांचा सराव दोन प्रकारे होतो. पहिल्यात घड्याळ लावून बैठकीच्या तयारीपासून पुढच्या योजनेपर्यंत सगळं एका दमात करायचं. यात वेळेचा अंदाज येतो आणि रुग्णाला आधीच काय माहीत आहे, किती ऐकायचं आहे हे विचारायचं राहिलं तर लगेच कळतं. पण रुग्ण रडू लागला की विद्यार्थी उपचारांच्या माहितीकडे पळतो, आणि ही सवय प्रत्येक फेरीत पक्की होत जाते.

दुसऱ्यात फक्त बातमी आणि भावना यांमधला सांधा घ्यायचा. उदाहरणार्थ, स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्ट: "रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आलेला नाही." थांबा. "ही गाठ कॅन्सरची आहे." मग गप्प. सरावात रुग्णाची भूमिका करणारी जोडीदार बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ती म्हणाली, "माझी मुलं लहान आहेत हो," तर उत्तर केमोथेरपीचं नको. "मुलांची काळजी पहिल्यांदा मनात आली ना," एवढंच पुरे. "काळजी करू नका" म्हटलं की ती गप्प होते. चुकल्याची खूण हीच. दर वेळी जोडीदाराने प्रतिक्रिया बदलावी: राग, नकार, किंवा "घरच्यांना सांगू नका". या शेवटच्या विनंतीत गोपनीयतेचा प्रश्नही येतो, म्हणून ती वगळू नये.

आमच्या मते आधी तुकडा, मग पूर्ण स्टेशन. परीक्षा अगदी तोंडावर असेल तरच उलट.