थांबलेल्या टाकीचा नमुना कोणत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा?

जानेवारी ते मार्च हा नाशिकचा गाळपाचा हंगाम. दिंडोरीकडच्या एखाद्या वायनरीत रेड वाइनच्या टाकीतलं किण्वन साखर उतरता उतरता ५ ब्रिक्सवर अडकलं, की प्रश्न दोन असतात: यीस्ट जिवंत आहे का, आणि सोबत कोणी बॅक्टेरिया शिरले आहेत का? प्रयोगशाळेसाठी उपकरण घेताना किंवा नमुना बाहेर पाठवताना याच दोन प्रश्नांवर ब्राइट फील्ड, फेज कॉन्ट्रास्ट, फ्लुरोसन्स आणि इलेक्ट्रॉन या चारही पद्धती तपासून पाहाव्यात.

पहिल्या प्रश्नाला साधा ब्राइट फील्ड सूक्ष्मदर्शक पुरतो. यीस्टची पेशी ५ ते १० मायक्रोमीटरची, म्हणजे ४०च्या लेन्सखाली ठळक दिसते. नमुना १० पट पातळ करा, त्यात तेवढंच ०.०१ टक्के मेथिलिन ब्लू (२ टक्के सोडियम सायट्रेटमध्ये केलेलं) मिसळा, ५ मिनिटांनी न्यूबॉअर चेंबरमध्ये भरा. जिवंत पेशी रंगाचं क्षपण करून बिनरंगी राहते, मेलेली निळी होते. मधल्या १ चौरस मिलिमीटरच्या चौकटीत १५० पेशी मिळाल्या, तर एकूण पातळीकरण २० पट, म्हणून १५० × २० × १०,००० = प्रति मिलिलिटर ३ कोटी. त्यांत ६० निळ्या असतील तर जिवंत १.८ कोटी. ४० टक्के यीस्ट मेलेलं असताना टाकी फक्त कोमट करून भागत नाही; नवं यीस्ट या वाइनला हळूहळू सरावून सोडावं लागतं. इथे एक सावधगिरी: मृत पेशी जास्त झाल्या की मेथिलिन ब्लू जिवंतांचा आकडा फुगवून दाखवतो. ६० टक्के दिसले तर खरे त्याहून कमी असण्याची शक्यता धरा.

ब्राइट फील्डची अडचण बॅक्टेरियापाशी सुरू होते. मॅलोलॅक्टिक किण्वन करणारा इनोकोकस जेमतेम १ मायक्रोमीटरचा, त्यात पारदर्शक. रंग न देता तो दिसावा म्हणून लोक कंडेन्सरची झडप घट्ट बंद करतात. कॉन्ट्रास्ट वाढतो खरा, पण बारकावे पुसले जातात आणि टार्टरेटचा कणही बॅक्टेरियासारखा वाटू लागतो.

रोजच्या कामाला फेज कॉन्ट्रास्ट यासाठीच घ्यावा. पेशीतून जाताना प्रकाशाला बसलेला किंचित विलंब तो उजेड-अंधाराच्या फरकात बदलतो, त्यामुळे न रंगवलेली जिवंत पेशी काळसर, कडेने उजळ वलय घेऊन दिसते. इनोकोकसच्या साखळ्या आणि अॅसिटिक बॅक्टेरियाच्या कांड्या इथे वेगळ्या ओळखता येतात. थेंब मात्र पातळ हवा: २२ × २२ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपखाली ५ मायक्रोलिटर, म्हणजे थर साधारण १० मायक्रोमीटरचा होतो. जाड थेंबात पेशी एकमेकींवर येतात आणि वलयं चित्र गढूळ करतात. चित्र राखाडी, एका बाजूने सावली पडल्यासारखं दिसलं, तर दोष बहुधा नमुन्याचा नसून जुळणीचा असतो. कंडेन्सरच्या कड्यावरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहा. मग आयपीस काढून सेंटरिंग टेलिस्कोप लावा आणि उजळ कडं लेन्समधल्या काळ्या कड्यावर नेमकं बसवा. दर वेळी लेन्स बदलली की हे तपासायचं. आळस इथेच महागात पडतो. कडं बाजूला सरकवलं की हाच सूक्ष्मदर्शक ब्राइट फील्डचंही काम करतो, ग्रॅम रंजनासकट. फेज कॉन्ट्रास्ट बॅक्टेरिया जिवंत की मेलेला हे मात्र सांगत नाही.

ते फ्लुरोसन्स सांगतो. सायटो ९ सगळ्या पेशींना हिरवं करतो आणि प्रोपिडियम आयोडाइड फक्त फाटक्या पटलाच्या पेशीत शिरून लाल. सल्फाइटचा मार खाल्लेले बॅक्टेरिया प्लेटवर वाढत नाहीत, पण पटल शाबूत असेल तर हिरवे दिसतात, आणि ही बातमी बाटलीबंद करण्यापूर्वी कळलेली बरी. रेड वाइनमध्ये गोची अशी की तिची पॉलिफिनॉल्स स्वतःच चमकतात. म्हणून नमुना सेंट्रिफ्यूज करून सलाइनमध्ये दोनदा धुवावा, आणि रंग न घातलेला नमुना आधी पाहावा. त्यातच चमक दिसली तर पुढचे आकडे फुकट. प्रकाशाखाली रंग विझत जातो, त्यामुळे आधी फोटो, मग मोजणी. पारा दिव्याचं आयुष्य २०० ते ३०० तास. नवं घेताना एलईडी मागा.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक थांबलेल्या टाकीसाठी नाही. ग्लुटराल्डिहाइड, ऑस्मियम, अल्कोहोलने निर्जलीकरण, रेझिन, ७० नॅनोमीटरचे काप: यात दिवस जातात, आणि निर्वातात पोचणारी पेशी मेलेलीच असते. तयारीही फसवते. बॅक्टेरियाच्या कापांत वर्षानुवर्षं ‘मेसोसोम’ नावाचं अंगक दाखवलं गेलं, ते स्थिरीकरणाच्या रसायनांनी पडलेल्या घड्या निघाल्या. पण मॅलोलॅक्टिक किण्वन पुन्हा पुन्हा अडकत असेल, सल्फाइट, आम्लता, तापमान सगळं ठीक असेल आणि बॅक्टेरियाला मारणाऱ्या फाज विषाणूचा संशय असेल, तर १०० नॅनोमीटरहून लहान डोक्याचा तो विषाणू प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली आकारासकट दिसणं अशक्य. तिथे निगेटिव्ह स्टेन करून ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो. त्यासाठी काप नकोत. बॅक्टेरिया काढून गाळलेला द्राव, जाळी आणि युरेनिल अॅसिटेट पुरतं. द्रावात फाज विरळ असतील तर जाळीवर काहीच सापडत नाही, म्हणून पाठवण्याआधी ते संवेदनशील वाणावर वाढवून घ्यावेत.